सरासरी ११२ एफपीएस, तरी गेम अडखळतो: फ्रेम टाइमचा आलेख काय सांगतो

तक्रार नेहमीची आहे. कोपऱ्यातला काउंटर ११० च्या आसपास दाखवतो, मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, ग्राफिक्स कार्डही बरे आहे. तरी नवे दार उघडले, पहिला स्फोट झाला किंवा नवा शत्रू समोर आला की चित्र क्षणभर अडकते. ग्राफिक्स सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणली की काउंटर १३५ वर जातो, झटके मात्र जिथल्या तिथे. डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या, विशेषतः अनरिअल इंजिनच्या अनेक गेममध्ये हा अनुभव येतो.

आधी एक शंका दूर करून घ्या. इंटरनेटच्या लॅगमध्ये समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतात, पण तुमचा कॅमेरा माउसबरोबर गुळगुळीत फिरत राहतो. इथे कॅमेराच थांबतो. कॅमेरा थांबत असेल तर राउटरच्या मागे लागू नका.

सरासरी कुठे फसवते

एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम झाल्या. फ्रेम टाइम म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला किती मिलिसेकंद लागले. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ ला ६.९. फ्रेम सारख्या अंतराने आल्या तर दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. अंतर बिघडले की एफपीएसला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो सेकंदभराच्या फ्रेम फक्त मोजतो, त्या कधी आल्या हे बघत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा ६० सेकंदांच्या खेळात ६,७२० फ्रेम झाल्या. सरासरी ११२ एफपीएस. यातल्या २४ फ्रेमना प्रत्येकी सुमारे ९५ मिलिसेकंद लागले. म्हणजे या २४ फ्रेमनी मिळून जवळपास २.३ सेकंद खाल्ले. उरलेल्या ६,६९६ फ्रेम ५७.७ सेकंदांत झाल्या, म्हणजे सरासरी ८.६ मिलिसेकंदांना एक. हे २४ झटके अजिबात नसते तर सरासरी ११६ आली असती. दर अडीच सेकंदांना एक ठसठशीत अडखळ, आणि काउंटरवर तिची किंमत फक्त ४ एफपीएस!

सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग सांगणारा ‘एक टक्का लो’ हा आकडा बघितला की काम झाले, असे बरेच जण मानतात. त्यातही एक खाच आहे. हा आकडा काढायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्हींना नाव एकच. पहिल्या पद्धतीत सगळ्या फ्रेम वेळेनुसार रांगेत लावून ९९ व्या टक्क्यावरची फ्रेम बघतात. आपल्या उदाहरणात ६,७२० चा एक टक्का म्हणजे ६७ फ्रेम, आणि खराब फ्रेम आहेत फक्त २४. साहजिकच ६७ व्या क्रमांकावर साधी, जरा मंद फ्रेम सापडते. ती ११.८ मिलिसेकंदांची असेल तर आकडा येतो ८५ एफपीएस. सगळे आलबेल! दुसऱ्या पद्धतीत सर्वांत वाईट ६७ फ्रेमची सरासरी काढतात. त्यात ते २४ सुळके येतात आणि उरलेल्या ४३ फ्रेम १२ मिलिसेकंदांच्या धरल्या तर सरासरी जवळपास ४२ मिलिसेकंद होते, म्हणजे २४ एफपीएस. नोंद तीच, नाव तेच, आणि आकडे ८५ आणि २४. म्हणून दोन वेगळ्या साधनांतले ‘एक टक्का लो’ एकमेकांशी ताडून बघू नका, आणि आकड्यापेक्षा आलेखावर भरवसा ठेवा. सेकंदाच्या आत डोकावायची ही पद्धत २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणात रुळवली.

आलेख कसा मिळवायचा

रोजच्या नजरेसाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर पुरते. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये Monitoring टॅबवर Frametime निवडा, त्यावर टिक करा, Show in On-Screen Display चालू करा आणि बाजूच्या यादीत text ऐवजी graph घ्या. गेमवर उमटणारी ही रेघ प्रत्येक फ्रेमची असते. आफ्टरबर्नरच्या स्वतःच्या खिडकीतला आलेख मात्र ठरावीक वेळाने, सहसा सेकंदाला एकदा, नमुना घेतो. त्यात ९५ मिलिसेकंदांचा सुळका सहज हरवतो. कित्येक जण तोच आलेख बघून ‘माझी रेघ सरळ आहे’ म्हणतात.

कारण शोधायचे तर मात्र नोंद फाइलमध्ये हवी. त्यासाठी इंटेलचे मोफत प्रेझेंटमॉन वापरा. कॅपफ्रेमएक्स त्याच्याच आधारावर चालते आणि आलेखही काढून देते. प्रेझेंटमॉन थेट वापरायचे असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे द्या. गेमच्या फाइलचे नाव टास्क मॅनेजरच्या Details टॅबवर दिसते.

```
PresentMon.exe --process_name Game.exe --output_file run1.csv --timed 60 --terminate_after_timed
```

सुळके हाताने मोजत बसायची गरज नाही. आसपासच्या फ्रेमच्या मध्यकाच्या तिपटीपेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक फ्रेम पुढचा छोटा प्रोग्राम वेळेसह दाखवतो. प्रेझेंटमॉनच्या काही आवृत्त्यांत स्तंभाचे नाव `FrameTime` असते, तेवढे बदलून घ्या.

```python
import pandas as pd
f = pd.read_csv("run1.csv")["MsBetweenPresents"]
mid = f.rolling(101, center=True, min_periods=1).median()
s = f > 3 * mid
print(pd.DataFrame({"sec": (f.cumsum() / 1000)[s], "ms": f[s]}).round(1))
```

सरळ ‘३० च्या वर’ अशी मर्यादा न ठेवता तिप्पट का? कारण झटका जाणवतो तो शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत. सतत ३३ मिलिसेकंदांनी येणाऱ्या फ्रेमची डोळ्याला सवय होते. ८ च्या रांगेत मधेच आलेले ३३ खुपतात.

एकच वाट, तीन फेऱ्या

एका फेरीच्या आलेखावरून निदान करू नका. गेममधली ६० सेकंदांची एक वाट ठरवा, जिथे झटके नक्की येतात अशी. सेव्ह फाइल तीच, वळणे तीच, शक्य तितका वेगही तोच. मग तीन नोंदी घ्या. पहिली, ग्राफिक्स ड्रायव्हर नुकताच अपडेट केल्यानंतरची. दुसरी, गेम बंद न करता लगेच त्याच वाटेवरची. तिसरी, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा तीच वाट.

आपल्या उदाहरणात पहिल्या फेरीत २४ सुळके होते. समजा दुसऱ्या फेरीत ३ उरले आणि तिसऱ्यातही तेच ३, त्याच जागी. याचा अर्थ जवळपास सरळ आहे. २१ सुळके ‘पहिल्यांदा’ या गोष्टीशी बांधलेले होते आणि त्यांचे उत्तर कुठेतरी डिस्कवर साठले, म्हणून रीस्टार्टनंतरही ते परतले नाहीत. हे शेडर कंपाइल होण्याचे झटके. उरलेले ३ जागेशी बांधलेले आहेत. त्यांचे कारण वेगळे, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

खात्री करायची असेल तर साठा पुसून बघा. एनव्हिडिया कार्डावर गेम आणि लाँचर बंद करून या फोल्डरांमधल्या फाइल काढता येतात. ड्रायव्हरच्या आवृत्तीनुसार यांतले एक किंवा दोन्ही सापडतील.

```
%LOCALAPPDATA%\NVIDIA\DXCache
%USERPROFILE%\AppData\LocalLow\NVIDIA\PerDriverVersion\DXCache
```

पुसल्यानंतर २४ सुळके पुन्हा उभे राहिले तर निदान पक्के. ही चाचणी आहे, उपाय नव्हे. साठा दर आठवड्याला ‘साफ’ करण्याचा सल्ला फिरत असतो. तो पाळणारा माणूस दर आठवड्याला स्वतःचे झटके नव्याने विकत घेतो. कॉम्प्युटर साफ करणारी काही सॉफ्टवेअर हेच काम न विचारता करतात, त्यांच्या यादीत शेडर कॅशवरची टिक काढून ठेवा.

शेडर मधेच का कंपाइल होतात

शेडर म्हणजे पृष्ठभाग, धूर, पाणी, सावली कशी दिसावी हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. गेमसोबत ते अर्धवट तयार रूपात येतात. तुमच्या कार्डाला कळणाऱ्या शेवटच्या रूपात त्यांना आणायचे काम ड्रायव्हर तुमच्याच प्रोसेसरवर करतो. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्समध्ये चिप ठरलेली असल्यामुळे हे रूप आधीच करून देता येते. पीसीवर कार्ड आणि ड्रायव्हरच्या इतक्या जोड्या आहेत की ते शक्य होत नाही.

डायरेक्टएक्स ११ च्या काळात यातले बरेचसे ओझे ड्रायव्हर पडद्याआड उचलत असे. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये शेडर आणि त्यासोबतची सगळी चित्रणाची अवस्था एकत्र बांधून गेमनेच वेळेत मागवायची असते. कोणती जोडी कधी लागेल याचा अंदाज गेम बनवणाऱ्यांनी आधी बांधला नाही, तर ती मागणी ऐन वेळी होते. नवा स्फोट दिसायचा त्याच क्षणी कंपाइल सुरू होते, आणि ते संपेपर्यंत फ्रेम थांबते. अनरिअल इंजिनमध्ये हे आपोआप आधी उरकण्याची सोय ५.१ पासून येऊ लागली. त्याआधीच्या आवृत्तीवर बनलेल्या गेममध्ये सगळी भिस्त बनवणाऱ्यांच्या काटेकोरपणावर असते.

सेटिंग कमी करून झटके का जात नाहीत, हे आता उलगडेल. सेटिंगमुळे कार्डाचे काम कमी होते, थांबलेला असतो तो प्रोसेसर. प्रेझेंटमॉनच्या नोंदीत `GPUBusy` हा स्तंभ असेल तर सुळक्याच्या ओळीत तो बघा. पूर्ण फ्रेमला ९५ मिलिसेकंद आणि त्यात कार्ड कामात फक्त ८, असे दिसले तर कार्ड हातावर हात ठेवून बसले होते. फ्रेम जनरेशन चालू करूनही हे सुटत नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली एक फ्रेम घातल्याने काउंटर १९० दाखवेल, पण दुसरी खरी फ्रेमच उशिरा आली तर मध्ये घालायचे काय?

आता उपाय. गेम सुरू होताना शेडर तयार करण्याची पट्टी दिसत असेल तर ती पूर्ण होऊ द्या. काही गेम ती चालू असतानाच मेनूत जाऊ देतात आणि लोक लगेच खेळ सुरू करतात, झटक्यांची निम्मी बेगमी तिथेच होते. ड्रायव्हर अपडेटनंतर ही पट्टी पुन्हा येणारच, कारण जुना साठा नव्या ड्रायव्हरला चालत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये Manage 3D settings खाली Shader Cache Size आहे, ते १० जीबी करा. मोठे गेम बरेच असतील तर लहान साठ्यात नवा माल येतो तसा जुना बाहेर पडतो, आणि महिन्याने उघडलेला गेम पुन्हा अडखळतो. गेममध्ये डायरेक्टएक्स ११ चा अधिकृत पर्याय असेल तर तो लावून तीच तीन फेऱ्यांची चाचणी घ्या. काही गेममध्ये फरक मोठा पडतो, काहींमध्ये त्या पर्यायाकडे बनवणाऱ्यांनीच पाठ फिरवलेली असते. गेमने आधी कंपाइल करण्याची सोयच ठेवली नसेल तर पहिल्या फेरीचे झटके तुमच्याकडून पूर्ण जाणार नाहीत. वेगवान प्रोसेसर ९५ चे ६० करील, शून्य नाही.

तिन्ही फेऱ्यांत सुळके तितकेच असतील तर

मग शेडर सोडा आणि सुळक्यांमधले अंतर मोजा. वरच्या प्रोग्रामच्या sec स्तंभात ४.२, ५.२, ६.२ अशी घड्याळासारखी ओळ दिसली तर गेमचा दोष जवळपास नाहीच. कोणीतरी सेकंदाला एकदा दार ठोठावते आहे. बहुतेक वेळा ते निरीक्षण करणारे सॉफ्टवेअरच असते: तापमान, वॅट, पंख्याचा वेग विचारणारे, किंवा कीबोर्डचे दिवे रंगवणारे. पकडायची युक्ती सोपी आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये नमुना घेण्याचा काळ १,००० वरून ३,००० मिलिसेकंद करा. सुळके तीन-तीन सेकंदांवर गेले की चोर सापडला. आफ्टरबर्नरमध्ये Power ची नोंद बंद करून बघणे हा पहिला प्रयोग. अंतर साधारण एक मिनिट असेल आणि गेम अनरिअलचा असेल तर संशय इंजिनच्या नको झालेल्या वस्तू मेमरीतून काढण्याच्या कामावर घ्या. ते काम ठरावीक काळाने होते आणि त्यावरचा इलाज गेमच्या पॅचमधूनच येतो.

गेमबरोबर आवाजही तुटत असेल आणि एक-दोन सेकंद सगळे विंडोज जड होत असेल, तर रायझन प्रोसेसरवर बायोसची आवृत्ती तपासा. सुरक्षेच्या एफटीपीएममुळे असे होते हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केले, आणि बायोसच्या आत असलेल्या एएमडीच्या ‘एजीसा’ या मूळ सॉफ्टवेअरच्या १२०७ आवृत्तीपासून ते दुरुस्त झाले.

तिसरा आकार वेगळाच दिसतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे रेघ बारीक, मग हळूहळू ती केसाळ होत जाते आणि कॅमेरा झटकन फिरवला की उंचावते. हे व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, भरल्याचे लक्षण. टास्क मॅनेजरच्या Performance टॅबवर कार्ड निवडून Dedicated GPU memory आणि Shared GPU memory बघा. पहिली काठोकाठ आणि दुसरी वाढत चाललेली असेल तर टेक्श्चर मुख्य रॅममधून ये-जा करत आहेत. आरटीएक्स ४०६० चे उदाहरण घ्या. तिची स्वतःची ८ जीबी मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचता येते, पण रॅमकडे जाणारा पीसीआय एक्सप्रेस ४.० चा आठ लेनचा रस्ता सुमारे १६ जीबीचा. जुन्या ३.० च्या मदरबोर्डवर तोही निम्मा. इथे फक्त टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा, बाकीच्या आहेत तशा ठेवा, आणि अर्ध्या तासाच्या खेळानंतर नोंद घ्या. पहिल्या मिनिटाची नोंद या दुखण्यात निरुपयोगी.

रेघ सरळ, तरी डोळ्याला खटकते

`MsBetweenPresents` हा स्तंभ गेमने फ्रेम हातावेगळी केली तो क्षण मोजतो. ती पडद्यावर कधी आली हे त्यात नाही. ६० हर्ट्झच्या साध्या मॉनिटरवर व्ही-सिंक लावून गेम नेमका ५० एफपीएसने चालला तर दर पाच फ्रेमपैकी चार फ्रेम १६.७ मिलिसेकंद दिसतात आणि पाचवी ३३.३. अशावेळी `MsBetweenDisplayChange` या स्तंभाचा आलेख काढा, तिथे दात दिसतील. अशा पडद्यावर मर्यादा ६० किंवा ३० हवी, मधली कोणतीही नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेल्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर रिव्हाट्यूनरमध्ये मर्यादा १३८ ते १४१ ठेवा, म्हणजे मॉनिटर ज्या वेगापर्यंत फ्रेमच्या तालावर चालू शकतो त्या पट्ट्याबाहेर फ्रेम जात नाहीत. ११२ ची सरासरी असलेल्या गेमला १०० ची मर्यादा लावली तर ८ आणि १२ मधली थरथर १० वर बरीचशी स्थिरावते. ९५ चा सुळका मात्र ९५ चाच राहतो, मर्यादेने तो कापला जात नाही.

राहिले ते ३ सुळके, प्रत्येक फेरीत त्याच वळणावर येणारे. तिथे गेम नकाशाचा पुढचा तुकडा आत आणतो. गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर साध्या साटा एसएसडीवर हलवा, सुळके स्पष्ट बुटके होतील. साटावरून एनव्हीएमईवर जाण्याने सहसा तेवढा फरक दिसत नाही, कारण तोवर अडथळा डिस्कचा उरलेला नसतो. तुकड्यातल्या वस्तू उभ्या करायचे काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर येऊन तुंबते. बनवणाऱ्यांना तक्रार पाठवायचीच असेल तर याच ३ सुळक्यांची पाठवा: सेव्ह फाइल, वळणाची जागा, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तिन्ही फेऱ्यांच्या सीएसव्ही फाइल.